सरकारी आदेशाने भाव बांधला जातो, तेव्हा व्यापाऱ्याचं आधी ऐकावं लागतं का? मुंबईतल्या दुकानदारांसाठी प्रश्नोत्तरं

मशीद बंदरचे घाऊक व्यापारी, वाशीच्या मार्केटमधले गाळेधारक आणि उपनगरांतले केमिस्ट यांच्याकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या संध्याकाळी राजपत्रात अधिसूचना निघते, दुसऱ्या दिवसापासून मालाचा भाव बांधला जातो आणि गोदामात तर जास्त भावाने घेतलेला माल पडून असतो. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "आम्हाला न विचारता हे केलंच कसं?" या प्रश्नाला कायद्याचं उत्तर आहे. ते अनेकांना आवडत नाही, पण आधीच माहीत असलं तर चुकीच्या लढाईत पैसा आणि वेळ जात नाही.

भाव ठरवण्याआधी व्यापाऱ्यांची सुनावणी घेणं सरकारवर बंधनकारक आहे का?

सगळ्यांना सारखा लागू होणारा आदेश असेल आणि ज्या कायद्याखाली तो निघाला त्यात सुनावणीची अट नसेल, तर नाही. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ३ खाली निघणारे भावनियंत्रणाचे आदेश बहुतेक याच प्रकारात मोडतात. कायद्यातच "आधी मसुदा प्रसिद्ध करा" किंवा "हरकती मागवा" असं लिहिलेलं असेल, तर मात्र ती पायरी गाळता येत नाही. म्हणून आदेश हातात आला की भावाच्या आकड्याआधी त्याची पहिली ओळ वाचा. आदेश कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने दिलेल्या अधिकारात काढला, हे तिथे लिहिलेलं असतं. पुढचं सगळं त्या ओळीवर ठरतं.

पण कुणाचंही नुकसान करण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं, हा तर नैसर्गिक न्याय आहे. तो इथे का लागू होत नाही?

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर विचार १९८७ साली केला, भारत सरकार विरुद्ध सायनामिड इंडिया या प्रकरणात. विषय औषधांचा होता. १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली सरकारने काही मूळ औषधद्रव्यांच्या, म्हणजे बल्क ड्रग्जच्या, कमाल किमती ठरवल्या. आम्हाला ऐकून न घेता या किमती ठरवल्या, अशी कंपन्यांची तक्रार होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य करून अधिसूचना रद्द केल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निकालपत्र न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांचं आहे.

त्यातला युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या माणसाचा परवाना रद्द करताना अधिकारी त्या माणसाच्या वागण्याचा निवाडा करत असतो. तिथे त्याची बाजू ऐकलीच पाहिजे. मालाचा भाव बांधताना सरकार कुणाच्या वागण्याचा निवाडा करत नाही. ते सगळ्या विक्रेत्यांना आणि सगळ्या ग्राहकांना, आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्यांनाही लागू होईल असा नियम करतं. नियम करणं हे कायदा करण्याच्या जातीचं काम आहे, आणि विधिमंडळ कायदा करताना प्रत्येक नागरिकाला नोटीस पाठवत नाही. म्हणून भाव ठरवणं हे वैधानिक स्वरूपाचं कार्य मानलं जातं आणि नैसर्गिक न्यायाचे नियम त्याला आपोआप चिकटत नाहीत. साखरेच्या भावाबाबत १९७४ च्या सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेट प्रकरणात न्यायालय साधारण हेच म्हणालं होतं, आणि १९९० मध्ये सीताराम शुगर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्या औषध आदेशात सरकारने "योग्य वाटेल अशी चौकशी" करून किंमत ठरवावी, असे शब्द होते. चौकशी म्हणजे सुनावणी, असा कंपन्यांचा दावा होता. न्यायालयाने तो नाकारला. सरकार माहिती कुठूनही गोळा करू शकतं आणि चौकशीची पद्धत स्वतः ठरवू शकतं. आदेशात "चौकशी" हा शब्द दिसला म्हणून सुनावणीचा हक्क मिळाला, असं समजू नका.

माझं मत विचाराल तर मूळ तत्त्व मला पटतं. टंचाईच्या काळात भाव बांधण्याआधी महिनाभर सुनावण्या चालल्या, तर तेवढ्या दिवसांत माल गोदामांत दडेल आणि नियंत्रणाला अर्थ उरणार नाही. मात्र जुन्या साठ्याच्या बाबतीत हेच तत्त्व छोट्या दुकानदाराला फार कठोरपणे लागतं. त्याचं उदाहरण पुढे येईल.

सर्वांसाठीचा आदेश आणि एकट्यावरचा आदेश यांत फरक कसा ओळखायचा?

कायद्यातच खूण दिली आहे. अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ३(५) प्रमाणे सर्वसाधारण स्वरूपाचा किंवा व्यक्तींच्या एखाद्या वर्गाला लागू होणारा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. विशिष्ट व्यक्तीला उद्देशून काढलेला आदेश त्या व्यक्तीवर बजावावा लागतो. "मुंबई महानगर क्षेत्रातील सर्व घाऊक विक्रेते" असे शब्द असतील तर तो पहिल्या जातीचा. तुमच्या फर्मचं नाव आणि पत्ता घालून, "तुमच्याकडील इतका साठा अमुक दराने अमुक संस्थेला विका" असं लिहिलं असेल तर तो दुसऱ्या जातीचा.

दुसऱ्या जातीच्या आदेशात तुमचं ऐकून घेण्याचा मुद्दा जोर धरतो. सायनामिडच्या निकालातही ही जागा मोकळी ठेवलेली आहे: एका ठरावीक व्यक्तीच्या मालाचा भाव ठरवला जातो, विशेषतः सरकार स्वतः खरेदीदार असतं, तेव्हा ते काम नियम करण्याचं न राहता प्रशासकीय ठरू शकतं.

मात्र एक गल्लत टाळा. एखादा माल बनवणारे देशात दोन-तीनच कारखाने असले, तरी तेवढ्याने आदेश व्यक्तिगत होत नाही. आदेश वस्तूला लागू असतो. ती वस्तू उद्या चौथ्याने बनवली तर त्यालाही तोच भाव लागतो.

ठरवलेल्या भावात माझा खर्चही निघत नाही. आदेश रद्द व्हायला एवढं कारण पुरे नाही का?

बहुतेक वेळा नाही. ३० सप्टेंबर १९७७ रोजी केंद्राने मोहरीच्या तेलाचा कमाल किरकोळ भाव किलोला १० रुपये ठरवला. तेलगिरण्यांचं म्हणणं होतं की मोहरीचा बाजारभावच एवढा आहे की या दराने तेल विकणं म्हणजे घरातून पैसे घालणं. प्राग आइस अँड ऑइल मिल्स या नावाने ओळखलं जाणारं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे चाललं, आणि १९७८ मध्ये आदेश कायम राहिला.

न्यायालयाने पाहिलं ते हे की अशा नियंत्रणाचा मुख्य हेतू लोकांना माल रास्त भावात मिळावा हा असतो, आणि एखाद्या उत्पादकाला त्यात तोटा झाला तरी तेवढ्याने आदेश मनमानी ठरत नाही. भाव बांधल्याचा परिणाम कच्च्या मालाच्या बाजारावर व्हायलाही वेळ लागतो. आदेशाच्या दुसऱ्या दिवशीच्या खरेदी बिलावरून तो फसला असं म्हणता येत नाही.

तेव्हा "मला तोटा होतो" हे वाक्य कोर्टात एकटं उभं राहत नाही. "हा भाव ठरवताना वाहतुकीचा खर्च मुळीच धरलेला नाही आणि कायदा तो धरायला सांगतो" हे वाक्य उभं राहू शकतं.

जुना माल महाग घेतलेला असताना नवा भाव लागू झाला, तर काय होतं? एखादं उदाहरण द्या.

२०२० चा मार्च सगळ्यांना आठवतो. १३ मार्चला केंद्राने मास्क आणि हँड सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. २१ मार्चच्या आदेशाने भाव बांधले: २०० मिलि सॅनिटायझरला जास्तीत जास्त १०० रुपये, दोन पदरी मास्कला ८ रुपये, तीन पदरी मास्कला १० रुपये. तीन पदरीच्या बाबतीत आणखी एक अट होती. १२ फेब्रुवारीला जो किरकोळ भाव होता तो १० रुपयांहून कमी असेल, तर तोच कमी भाव धरायचा. आदेशाची मुदत ३० जूनपर्यंत होती. त्याआधी देशभरातल्या केमिस्टांची सुनावणी झाली नाही, आणि कायद्याने ती लागतही नव्हती.

आता समजा, दादरच्या एका केमिस्टने ६ मार्चला २,००० तीन पदरी मास्क नगाला १३ रुपयांनी घेतले. तेव्हा घाऊक बाजारात भाव चढलेला होता आणि बिल पक्कं होतं. २१ मार्चपर्यंत ८०० विकले गेले, १,२०० उरले. त्या दिवसापासून त्याला नगामागे १० रुपयांहून जास्त घेता येत नाही. नगाला ३ रुपये धरले तर उरलेल्या साठ्यावर ३,६०० रुपयांचा तोटा, आणि १२ फेब्रुवारीचा त्याच्या भागातला भाव आणखी कमी असेल तर त्याहून जास्त.

त्याने जुन्याच दराने विक्री चालू ठेवली, तर "माझी खरेदी १३ ची आहे" हा बचाव चालत नाही. आदेश विक्रीच्या दिवसाला लागू होतो, तुमची खरेदी कोणत्या दिवशीची हे तो बघत नाही. औषधांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या प्रकरणात हेच सांगितलं: नवा भाव अधिसूचित झाल्यावर आधीच्या बॅचवर जास्त किंमत छापलेली असली, तरी त्या किमतीने माल विकता येत नाही. अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ७ खाली अशा उल्लंघनाला सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. ३,६०० रुपये वाचवण्यासाठी कुणी त्या वाटेला जाऊ नये.

मग त्याच्या हातात काय उरतं? तीन गोष्टी. त्याच दिवशी साठ्याची नोंद करून खरेदी बिलांसह बाजूला ठेवायची, म्हणजे पुढे साठेबाजीचा आरोप आला तर उत्तर तयार असतं. ज्या घाऊक विक्रेत्याने १३ रुपये घेतले, त्याच्याकडे माल परत घेण्याची किंवा फरक देण्याची लेखी मागणी करायची. हा दोघांमधला व्यवहार आहे, समोरचा मानेलच असं नाही, पण पुढच्या खरेदीत सूट मिळवायला ते पत्र उपयोगी पडतं. आणि आदेश काढणाऱ्या खात्याला संघटनेमार्फत निवेदन द्यायचं, ज्यात तोट्याची रक्कम आणि बिलांच्या तारखा असतील. आदेश हटवण्याची मागणी फारशी पुढे जात नाही. "अमुक तारखेआधी खरेदी केलेल्या मालाला इतके दिवस सवलत द्या" ही मागणी अधिकाऱ्याला मान्य करता येण्याजोगी असते.

आधी ऐकलं नाही, पण नंतर तरी ऐकतात का?

काही आदेशांत तशी सोय असते, आणि माझ्या मते बाधित व्यापाऱ्याने सर्वांत आधी शोधायची गोष्ट हीच आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ च्या परिच्छेद ३१ मध्ये काही ठरावीक परिच्छेदांखालच्या किंमत-आदेशांबाबत बाधित व्यक्तीला सरकारकडे पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. मुदत अधिसूचना राजपत्रात आल्यापासून किंवा आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. अर्ज चालू असताना मात्र भाव नवाच पाळावा लागतो.

१९७९ च्या आदेशातही पुनर्विलोकनाची तरतूद होती, आणि सायनामिड प्रकरणात कंपन्या मोठी लढाई हरल्या तरी इथे त्यांच्या पदरात काहीतरी पडलं. सुनावणीशिवाय भाव ठरवता येतो, असं म्हणणाऱ्या त्याच निकालाने पुनर्विलोकनाचे प्रलंबित अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढायला सांगितलं. अर्जदाराला वाजवी संधी द्यावी, आणि किंमत कोणत्या आधारावर काढली हे, गोपनीय भाग वगळून, त्याला कळलं पाहिजे, अशी भूमिका घेतली.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. अर्जात "भाव परवडत नाही" एवढंच लिहू नका. हिशेबाचा आधार मागा: कच्च्या मालाचा कोणता दर धरला, कोणत्या महिन्याचा, घट किती टक्के, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा किती. आधार हातात आल्यावर त्यातली चूक दाखवता येते. आधाराशिवाय तुमचा आकडा आणि सरकारचा आकडा समोरासमोर उभे राहतात, आणि तिथे सरकारचाच टिकतो.

३० दिवस उलटून गेल्यावर अर्ज घेऊन येणारे अनेक असतात. अधिसूचनेच्या बाबतीत राजपत्राची तारीख हीच सुरुवात. तुम्हाला वितरकाकडून कळलं त्या दिवसापासून मोजू नका.

कोणत्या कायद्यांत आधी ऐकणं सक्तीचं आहे?

मुंबईकराच्या रोजच्या ओळखीचं उदाहरण विजेचं. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ प्रमाणे वीज कंपनीने दरवाढीचा अर्ज केला की तो प्रसिद्ध करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. म्हणूनच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होते आणि साधा ग्राहकही तिथे उभा राहू शकतो. गिरणगावातल्या गाळ्यात यंत्रं चालवणाऱ्या लघुउद्योजकाला इथे जो हक्क आहे, तो डाळीच्या व्यापाऱ्याला भावनियंत्रणात नाही. कारण एवढंच की दोन कायद्यांची वाक्यं वेगळी आहेत. विमानतळावरच्या शुल्कांचंही असंच. २००८ च्या विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण कायद्याने संबंधितांशी सल्लामसलत करणं बंधनकारक केलं आहे.

दुसरी खूण म्हणजे "पूर्वप्रसिद्धीनंतर" हा शब्द. मूळ कायद्यात नियम पूर्वप्रसिद्धीनंतर करावेत असं असेल, तर सामान्य वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ प्रमाणे मसुदा छापावा लागतो, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल हे सांगावं लागतं आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. अशा मसुद्यावर गप्प बसणं ही फार महाग पडणारी चूक आहे.

मागच्या वेळी खात्याने आमच्या संघटनेला चर्चेला बोलावलं होतं. यंदा बोलावलं नाही. त्यावर आदेश पडेल का?

तेवढ्यावर नाही. सर्वसाधारण नियम करताना जुना प्रघात मोडला, एवढ्याने तो नियम अवैध होत नाही.

उच्च न्यायालयात गेलो तर न्यायालय काय तपासतं?

अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे मुख्यतः असे प्रश्न विचारले जातात. ज्याने आदेश काढला त्याला तो अधिकार होता का? कायद्याने सांगितलेली पायरी गाळली का? कायद्याने विचारात घ्यायला सांगितलेली बाब वगळली, किंवा भलतीच बाब धरली का? आदेश उघडउघड मनमानी आहे का? आणि सगळ्यांत शेवटी, हेतू दुष्ट होता का, जे सिद्ध करणं फार अवघड आहे.

न्यायालय स्वतः हिशेब करून योग्य भाव काढून देत नाही. भाव ठरवणं हे न्यायालयाचं काम नाही आणि त्यात त्याचा हातखंडाही नाही, हे सायनामिडमध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

यावर कुणीतरी हमखास कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं नाव काढतो. ते खरं आहे. मोटारींच्या किमती सरकारने बांधल्यावर मोटार कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि न्यायालयाने एका आयोगाच्या अहवालाच्या आधारे, गुंतवलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा धरून किमतींचा प्रश्न सोडवला. पण ते झालं सगळ्या पक्षांच्या संमतीने. प्राग प्रकरणात पुढे न्यायालयाने हाच फरक दाखवून दिला आणि तो निकाल नमुना म्हणून वापरायला नकार दिला. वकिलाने तुम्हाला त्या १६ टक्क्यांच्या भरवशावर याचिका करायला सांगितली, तर हा मुद्दा त्याला विचारा.

आदेश मोडल्याच्या आरोपावरून माझा माल जप्त केला. आता तरी सुनावणी मिळेल ना?

हो, आणि इथे ती तुमचा पक्का हक्क आहे. आता प्रश्न नियमाचा राहिला नाही, तुमच्या वागण्याचा झाला. माल सरकारजमा करण्याचा आदेश अत्यावश्यक वस्तू अधिनियमाच्या कलम ६अ खाली होतो, पण कलम ६ब प्रमाणे त्याआधी कारणं देणारी लेखी नोटीस, लेखी म्हणणं मांडायला वाजवी मुदत आणि प्रत्यक्ष ऐकून घेण्याची संधी द्यावी लागते. यातलं काही वगळलं तर आदेश अपिलात अडचणीत येतो. अपिलाची मुदत एक महिना आहे.

इथेच दुकानदार हातचं घालवतात. नोटीस आली की घाबरून "चूक झाली, माफ करा" असं दोन ओळींचं पत्र देतात, आणि पुढे तेच पत्र त्यांच्याविरुद्ध वापरलं जातं. नोटिशीत कोणत्या तारखेची विक्री, कोणतं बिल, कोणता भाव हे लिहिलं आहे का ते आधी पाहा. नसेल तर तो तपशील लेखी मागा. आपली बिलबुकं, साठा नोंदवही आणि दर्शनी भागातल्या भावफलकाचे फोटो जोडून उत्तर द्या, आणि प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे असं त्याच पत्रात लिहा.

आदेश येणार अशी कुणकुण लागली, तर आधी काही करता येतं का?

येतं. सुनावणीचा हक्क नसला तरी निवेदन द्यायला कुणी अडवत नाही, आणि आदेशाआधी खात्याच्या फायलीत गेलेला कागद नंतरच्या दहा कागदांपेक्षा उपयोगी असतो. पुढे याचिका करायची वेळ आली तर "ही माहिती समोर असूनही तिचा विचार केला नाही" असं म्हणायला जागा मिळते.

निवेदन दोन पानांत बसवा. गेल्या तीन महिन्यांचे खरेदी दर बिलांच्या प्रतींसह, बंदरापासून किंवा गिरणीपासून गाळ्यापर्यंतचं भाडं, हमाली आणि तोलाई, घट, बाजार समितीचं शुल्क, आणि त्यावर नेहमीचा नफा. घाऊक आणि किरकोळ यांचे भाव वेगवेगळे ठरवावेत, आणि जुन्या साठ्यासाठी ठरावीक दिवसांची मुभा असावी, या दोन मागण्या स्वतंत्र लिहा. आवक शाखेत देऊन पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या.